तव्यावरचं सँडविच सगळीकडे सारखं सोनेरी

“बाबा, आजीच्या तव्यावर सँडविच भाजलं की ब्रेडचे कोपरे काळे होतात आणि मधे पांढरंच राहतं. ठाणे स्टेशनबाहेरच्या गाडीवर सगळीकडे सारखं सोनेरी कसं होतं?”

सोनू,

आधी तवा बघ. आजीचा तवा पोळीचा, मधे जरा खोलगट. पोळी मऊ, ती त्या खोलात बसते. ब्रेड सपाट, त्यामुळे चार कोपरे टेकतात आणि मधला भाग अधांतरी राहतो. गाडीवाला सँडविच चिमट्यात बंद करून आचेवर धरतो, म्हणजे दोन्ही बाजूंनी पत्रा चिकटून दाबलेला असतो. तव्यावर ते दाबणं तुलाच करायचंय. डोशाचा सपाट तवा काढ, जड असेल तर उत्तम.

बटर फ्रिजमधून दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर ठेव. ठाण्याच्या उकाड्यात तेवढं पुरतं. कडक बटर फासलं की ब्रेड फाटतो आणि गोळे राहतात. गोळा असेल तिथे डाग पडतो. एका बाजूला सपाट चहाचा चमचाभर, अगदी कडेपर्यंत. बटर तव्यावर नाही, ब्रेडलाच लाव. तव्यावर टाकलेलं ब्रेड ठेवेपर्यंतच करपायला लागतं.

मध्यम आचेवर तवा तीन मिनिटं तापव आणि पाण्याचा थेंब टाक. चर्र होऊन दोन-तीन सेकंदांत आटला तर बरोबर. थेंब गोळी होऊन नाचायला लागला तर तवा फार तापलाय, गॅस बंद करून मिनिटभर थांब. मग आच मंद आणि मध्यमच्या मधे आणून सँडविच ठेव.

आता कान दे. बटरमध्ये थोडं पाणी असतं, ते उडताना चरचर ऐकू येते. ती कमी होईपर्यंत रंग धरत नाही, म्हणून घाईने आच वाढवू नकोस. वाढवलीस तर बटरमधला दुधाचा अंश आधी काळा पडतो आणि आतला बटाटा गारच राहतो. उलथन्याने हलकं दाब, मधे थोडं जास्त. जोरात दाबलंस तर टोमॅटोचं पाणी सुटून ब्रेड लिबलिबीत होईल.

एका मिनिटानंतर सँडविच न उलटता जागच्या जागी अर्धं फिरव, कारण गॅसची आच सगळीकडे सारखी नसते. पहिली बाजू साधारण सव्वादोन मिनिटं. कोपरा उचलून बघ: मधासारखा रंग आला की उलट. दुसरी बाजू दीड मिनिटातच होते, तवा आणि ब्रेड दोन्ही तापलेले असतात. सगळ्यांचं तिथेच करपतं! गोडसर ब्रेड असेल तर त्याहूनही लवकर उचल.

पुढचं सँडविच ठेवण्याआधी तवा सुती फडक्याने पूस. राहिलेला चुरा जळून नव्या ब्रेडला काळे ठिपके लावतो. झालेलं सँडविच ताटलीत आडवं ठेवू नकोस, खाली वाफ धरते. जाळीवर उभं टेकव आणि मिनिटभराने काप.

बाबा