व्हर्जिनियातलं रिचमंड कोणत्या काउंटीत येतं?

प्रश्न: «अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याच्या पत्त्यांची यादी आमच्याकडे आली आहे. रिचमंड, फेअरफॅक्स अशा शहरांसमोर काउंटीचा रकाना रिकामा आहे. तिथे काय भरायचं? आणि नकाशावर या शहरांना admin_level 6 द्यायचा की 8?»

रिचमंड कोणत्याच काउंटीत येत नाही. तरीही रकाना रिकामा ठेवू नका, तिथे `Richmond city` असं भरा. नकाशावर पातळी, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपचा admin_level, 6 द्या.

व्हर्जिनियात ज्या वस्तीला «सिटी»चा दर्जा मिळतो ती काउंटीतून बाहेर पडते आणि थेट राज्याखाली येते. अशी ३८ शहरं आहेत आणि काउंट्या ९५. म्हणजे राज्याचे पहिल्या पायरीचे तुकडे १३३ झाले, आणि हे १३३ तुकडे जोडले की अख्खं राज्य भरतं. म्हणून अमेरिकेचा जनगणना विभाग या शहरांना काउंटी-समकक्ष धरतो. व्हर्जिनियाबाहेर अशी फक्त तीन शहरं आहेत: मेरीलँडमधलं बाल्टिमोर, मिसूरीतलं सेंट लुइस आणि नेवाडातलं कार्सन सिटी.

आपला गोंधळ कुठे होतो ते सांगतो, कारण मीही तो केलाय. पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत जिल्हा परिषदेचा कारभार चालत नाही, पण पुणे शहर पुणे जिल्ह्यातच असतं आणि जिल्हाधिकारी तोच असतो. त्यामुळे शहराचा कारभार स्वतंत्र असला तरी ते कुठल्या तरी जिल्ह्यात असणारच, असं आपण मनात धरून चालतो. रिचमंडला हे लागू पडत नाही. तिथे शहराला वेढून असणारा जिल्हाच नाही. कागदावर रिचमंडची जागा पुणे शहराच्या ओळीत नसून पुणे जिल्ह्याच्या ओळीत आहे.

म्हणून पातळी ठरवताना शहर किती मोठं आहे किंवा त्याला काय म्हणतात हे बघू नका. त्याच्या लगेच वर कोण आहे ते बघा. वर राज्य असेल तर ती काउंटीची पातळी, म्हणजे 6. ब्लॅक्सबर्गची लोकसंख्या ४० हजारांहून जास्त आहे, पण ते «टाउन» आहे आणि माँटगोमेरी काउंटीत येतं, म्हणून त्याची पातळी 8. नॉर्टनमध्ये ४ हजार माणसंही नाहीत, पण ते «सिटी» आहे, म्हणून पातळी 6. हे पहिल्यांदा वाचताना उलटं वाटतं, पण नियम एवढाच आहे.

सेवा कोण देतं यावरूनही पातळी ठरत नाही. फेअरफॅक्स शहर आपली मुलं शिकवण्यासाठी शेजारच्या फेअरफॅक्स काउंटीशी करार करतं. शहरातल्या जमिनींचे दस्तही काउंटीसोबतच्या सामाईक न्यायालयातच नोंदवले जातात. पण शहरातला घरमालक मालमत्ता कर शहराला भरतो, काउंटीला नाही.

ओपनस्ट्रीटमॅपवर रिचमंडच्या सीमेला साधारण असे टॅग लागतात:

```
boundary=administrative
admin_level=6
border_type=city
name=Richmond
```

त्याच रेषेवर पातळी 8 ची दुसरी सीमा काढू नका. «शहर आहे, मग 8 पण हवा» असा मोह होतो. तसं केलं की एकच जागा दोनदा मोजली जाते, आणि नकाशा वाचणाऱ्याला वाटतं की रिचमंड नावाच्या काउंटीत रिचमंड नावाचं शहर आहे. शहर असल्याची माहिती `border_type` मध्ये जाते. पातळीचा आकडा फक्त «किती वर» एवढंच सांगतो. प्रकार आणि पातळी या दोन गोष्टी वेगळ्या रकान्यांत ठेवल्या की अर्धे वाद संपतात.

आता तुमच्या यादीकडे येऊ. नावावरून काउंटी भरू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो. व्हर्जिनियात Richmond County नावाची काउंटी खरंच आहे. ती राजधानीपासून बरीच दूर, रॅपहॅनॉक नदीच्या काठी आहे आणि रिचमंड शहराशी तिचा काही संबंध नाही. फ्रँकलिनचं त्याहून अवघड आहे. फ्रँकलिन शहर राज्याच्या आग्नेय भागात साउदॅम्प्टन काउंटीला लागून आहे, आणि फ्रँकलिन काउंटी पार पश्चिमेला रोआनोकजवळ. मी एकदा नावं जुळवून एक यादी भरली होती. फ्रँकलिन शहराचे सगळे पत्ते राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या काउंटीत जाऊन पडले. नकाशावर ठिपके एकीकडे आणि रंग दुसरीकडे दिसला, तेव्हा चूक लक्षात आली.

टपालाच्या पत्त्यातलं शहरही पुरावा म्हणून धरू नका. पत्त्यात Falls Church किंवा Alexandria असलेली पुष्कळ घरं प्रत्यक्षात फेअरफॅक्स काउंटीत आहेत, कारण टपाल खात्याच्या हद्दी शहराच्या हद्दी पाळत नाहीत. तसेच रिचमंडच्या नावाचे पत्ते हेन्रायको आणि चेस्टरफील्ड काउंट्यांत पसरलेले आहेत.

खात्रीचा रस्ता एकच: पत्त्याचे अक्षांश-रेखांश काढा, जनगणना विभागाच्या काउंट्यांच्या नकाशा-फाइलवर तो बिंदू टाका, आणि तो ज्या बहुभुजात पडेल त्याचा पाच आकडी कोड घ्या. त्या फाइलमध्ये स्वतंत्र शहरंही काउंट्यांच्या रांगेतच असतात. कोडचे पहिले दोन आकडे राज्याचे, पुढचे तीन काउंटीचे. व्हर्जिनियाच्या काउंट्यांचे शेवटचे तीन आकडे 001 पासून 199 पर्यंत जातात. स्वतंत्र शहरं 510 पासून सुरू होतात. रिचमंड शहर 51760, रिचमंड काउंटी 51159. फेअरफॅक्स शहर 51600, फेअरफॅक्स काउंटी 51059. बाल्टिमोर 24510, सेंट लुइस 29510 आणि कार्सन सिटी 32510, तिघांनाही 510 च. म्हणजे कोडमधले शेवटचे तीन आकडे 510 किंवा त्याहून मोठे दिसले की समोर स्वतंत्र शहर आहे, हे लगेच कळतं. त्याच फाइलमधल्या `CLASSFP` रकान्यात अशा शहरांसमोर `C7` असतं, त्यावरून ताडून बघा. कोडचा रकाना मजकूर म्हणून साठवा. व्हर्जिनियात त्रास होणार नाही, पण कॅलिफोर्नियाची यादी आली की 06075 मधलं पुढचं शून्य एक्सेल गिळून टाकतं.

फेअरफॅक्सचा एक बिंदू मुद्दाम तपासून बघा. शहराच्या मधोमध, चेन ब्रिज रोडवर फेअरफॅक्स काउंटीचं न्यायालय आहे. १९६१ साली फेअरफॅक्स स्वतंत्र शहर झालं, पण न्यायालयाचं आवार काउंटीकडेच राहिलं. त्यामुळे शहराच्या बहुभुजाला तिथे एक भोक आहे आणि भोकातली जमीन काउंटीची आहे. न्यायालयाच्या दारावरचा बिंदू 51059 द्यायला हवा, रस्त्यापलीकडच्या दुकानाचा 51600. तुमच्या साधनाने दोन्ही ठिकाणी 51600 दिलं, तर त्याने आतली कडी वगळून फक्त बाहेरची सीमा वाचली आहे. बाकी यादी भरण्याआधी ही चूक दुरुस्त करा.

यादीत कधी सॅन फ्रान्सिस्को किंवा डेन्व्हर आलं तर ते वेगळं प्रकरण आहे. तिथे शहर काउंटीबाहेर गेलेलं नाही, शहर आणि काउंटी एकच झाली आहेत. काउंटी अस्तित्वात आहे, तिचा कोडही नेहमीच्या काउंट्यांसारखाच आहे: सॅन फ्रान्सिस्को 06075, डेन्व्हर 08031. पातळी तीच 6, पण काउंटीच्या रकान्यात `San Francisco County` लिहिलेलं बरोबर आहे. `Richmond County` मात्र रिचमंड शहरासाठी चूक. सरकारी फाइलमध्ये अशा जोडशहर-काउंट्यांसमोर `H6` असतं, म्हणजे दोन प्रकार वेगळे ओळखता येतात. जर्मनीची यादी आली तर तिथेही म्युनिकसारखी जिल्ह्याबाहेरची शहरं 6 वरच जातात. बर्लिन आणि हॅम्बुर्ग स्वतःच राज्यं आहेत, म्हणून ती 4 वर.

शेवटची गोष्ट जुन्या डेटाची, आणि तिच्यात जास्त लोक फसतात. हा दर्जा परतही जातो. बेडफर्ड १९६८ पासून स्वतंत्र शहर होतं, कोड 51515. १ जुलै २०१३ ला त्यानं सिटीचा दर्जा सोडला आणि ते टाउन म्हणून बेडफर्ड काउंटीत (51019) परत गेलं. २०१० च्या जनगणनेत काउंटीची लोकसंख्या सुमारे ६८,७०० होती आणि शहराची वेगळी सुमारे ६,२००. २०२० मध्ये काउंटीची सुमारे ७९,५०० झाली, आता त्यात बेडफर्डही धरलेलं. कोड बघून सरळ वजाबाकी केली तर दहा वर्षांत काउंटी जवळजवळ १६ टक्क्यांनी वाढली असं दिसतं. आधी २०१० चे दोन्ही आकडे जोडले तर ती वाढ ६ टक्के निघते. मधली तफावत म्हणजे दुसऱ्या कोडाखाली बसलेली तीच जुनी माणसं. साउथ बोस्टन १९९५ मध्ये आणि क्लिफ्टन फोर्ज २००१ मध्ये असंच परत टाउन झालं. म्हणून काउंटीच्या कोडाशेजारी तो कोणत्या वर्षीच्या हद्दींचा आहे, हा रकाना ठेवा. 51515 आजच्या फाइलमध्ये सापडत नसेल, तर ती ओळ चुकीची समजून पुसू नका. तिला 51019 जोडा आणि मूळ कोड तसाच शेजारी राहू द्या.