शिफारसपत्राची आठवण : तीन मेल, तीन वेगळी कामे

प्रश्न : मी पुण्यातून मेकॅनिकल इंजिनिअरिंग पूर्ण केले आहे आणि अमेरिकेत एमएससाठी अर्ज करत आहे. तीनपैकी दोन शिफारसपत्रे जमा झाली. तिसऱ्यासाठी माझ्या प्रोजेक्टच्या गाइड सरांना 5 नोव्हेंबरला मेल केला. बाबांच्या सांगण्यावरून 8 तारखेला 'सर, उत्तराची वाट पाहत आहे' असा आणखी एक मेल केला. तरी उत्तर नाही. आज 18 तारीख. मुदत 15 डिसेंबर. बाबा म्हणतात, रोज मेल कर, प्राचार्यांना सीसीमध्ये ठेव, नाहीतर मीच फोन करतो. किती वेळा, कधी आणि काय लिहून आठवण करू?

उत्तर : तुमच्या पत्रात 15 डिसेंबरपेक्षा प्राचार्यांच्या सीसीची मला अधिक काळजी वाटते. वडिलांची घालमेल समजण्यासारखी आहे, कारण एवढी तयारी आणि एवढा खर्च एका माणसाच्या उत्तरापाशी अडलेला त्यांना दिसतो. परंतु शिफारसपत्र हे गुणपत्रिकेसारखे महाविद्यालयाने द्यायलाच हवे असे कागदपत्र नाही. प्राध्यापक ते स्वेच्छेने लिहितात, आणि वरिष्ठांच्या देखत मागितले की विनंतीची तक्रार होते.

दडपण आणून पत्र मिळाले म्हणजे काम झाले, हा समज तर घातक आहे. अनेक विद्यापीठे शिफारस करणाऱ्याकडून पत्राबरोबर एक तक्ताही भरून घेतात. त्यात विश्लेषणक्षमता, लेखन, स्वतंत्रपणे काम करण्याची तयारी अशा ओळी असतात आणि प्रत्येक ओळीपुढे हा विद्यार्थी बरोबरीच्यांमध्ये वरच्या पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत की सरासरीत बसतो, याची खूण करायची असते. अर्ज भरताना पत्र पाहण्याचा हक्क बहुतेक विद्यार्थी सोडतात आणि तो सोडावाच. मात्र त्यामुळे चिडलेल्या सरांनी कुठे खूण केली, हे तुम्हाला कधीही कळणार नाही. स्वतंत्रपणे काम करण्याच्या ओळीपुढे काय लिहावे, हे ठरवायला वडिलांचा एक फोन पुरेसा होईल, एवढे त्यांना माझ्या नावाने सांगा.

आता पुढचा मेल लिहिण्याआधी एक गोष्ट तपासा. काही पोर्टल शिफारसीची लिंक तुम्ही बटण दाबल्यावर पाठवतात, तर काही थेट अर्ज सबमिट झाल्यावर. सरांच्या नावापुढची स्थिती पाहा. लिंक गेलीच नसेल, तर सर केवळ एका मेलचे उत्तर द्यायचे राहिले आहेत. लिंक गेली असेल, तर ती स्पॅममध्ये पडण्याची शक्यता मोठी असते. शिवाय नोव्हेंबर म्हणजे तोंडी परीक्षा, लेखी परीक्षा आणि पेपर तपासणी. अशा दिवसांत तेरा दिवसांच्या मौनाला नकार समजू नये.

तुमचा 8 तारखेचा मेल तीन दिवसांत गेला आणि त्यात नवे काहीच नव्हते. त्याला मी पहिली आठवण मानत नाही; मात्र सरांच्या इनबॉक्समध्ये तो मोजला गेला आहे, म्हणून आता रिकामा मेल परवडणार नाही. पहिल्या आठवणीचे काम सरांचे कष्ट कमी करणे, एवढेच आहे. ती उद्या, 19 तारखेला सकाळी पाठवा. नवा मेल सुरू न करता 5 तारखेच्या मेललाच रिप्लाय करा, म्हणजे मूळ विनंती खाली दिसत राहील; विषयात 'अर्जंट' घालू नका. आशय असा ठेवा : "सर, परीक्षेच्या गडबडीत आपल्याला पुन्हा लिहीत आहे. प्रोजेक्टमधील माझ्या कामाचे एक पान, गुणपत्रिका आणि सीव्ही सोबत जोडले आहे. मुदत 15 डिसेंबर आहे. पत्र देणे आपल्याला शक्य होईल का, एवढेच कळवावे." शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे, कारण त्याला चालत्या रिक्षातूनही 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देता येते, पत्र कधी मिळेल, या प्रश्नाला तसे देता येत नाही. त्या एका पानावर स्तुती नको. कोणती चाचणी तुम्ही उभी केली, कुठे अडलात आणि सरांनी काय सुचवल्यावर मार्ग निघाला, एवढे लिहा. सरांना पत्रासाठी नेमके हेच आठवायचे असते.

दुसरी आठवण आठवड्याने, 26 नोव्हेंबरच्या सुमारास, आणि शक्य असल्यास मेलने नव्हे. तुम्ही पुण्यात असाल, तर विभागात जाऊन सर तपासणीतून कधी मोकळे होतात, याची चौकशी करा आणि दोन मिनिटे भेटा. पुण्याबाहेर असाल आणि सरांनी पूर्वी स्वतःचा नंबर दिला असेल, तर कामाच्या वेळेत एकच व्हॉट्सॲप संदेश करा; त्याच दिवशी पुन्हा मेल करू नका. या वेळी नवी गोष्ट म्हणजे सन्मानाने नाही म्हणण्याची वाट : "सर, या महिन्यात वेळ नसेल, तर तसे निःसंकोच सांगा, मी दुसऱ्या सरांना विचारेन." पुष्कळ प्राध्यापक नकार द्यायच्या संकोचानेच गप्प बसतात.

त्याच दिवशी दुसऱ्या शिक्षकांना खरोखर विचाराही. विद्यार्थी नेमका इथे कच खातात. सरांशी गद्दारी होईल असे त्यांना वाटते. तसे काही नाही. अनेक विद्यापीठे तीन पत्रे मागतात, परंतु चौथेही स्वीकारतात. तुमच्या पोर्टलवर ते पाहून घ्या. ज्यांच्याकडे तुम्ही प्रयोगशाळेत मनापासून काम केले असे शिक्षक विभागप्रमुखांपेक्षा बरे, कारण ओळख नसलेल्या मोठ्या पदाच्या पत्रात हजेरी आणि सद्वर्तन यांपलीकडे काही येत नाही.

अखेरची आठवण 3 डिसेंबरला. तिचे काम सरांना मोकळे करणे हे आहे, आणि तिचा सूर बिघडला की ती धमकी वाटते. "आपले उत्तर न आल्यास मला नाइलाजाने..." असे लिहू नका. असे लिहा : "सर, 6 डिसेंबरपर्यंत आपल्याकडून काही कळले नाही, तर आपण व्यग्र आहात असे समजून मी दुसऱ्या सरांचे पत्र जोडेन. त्यानंतर आपल्याला या बाबतीत काही करावे लागणार नाही. प्रोजेक्टमधील मार्गदर्शनाबद्दल मनापासून आभार." मग 6 तारीख उलटली की खरोखर थांबा, अखेरच्या आठवणीनंतर आणखी एक गेली, तर आधीच्या तारखेला काहीच अर्थ नव्हता, हे सरांना कळते. शिफारस करणाऱ्याचे नाव पोर्टलवर बदलता येते का, हे मात्र त्याआधीच बघून ठेवा, कारण काही ठिकाणी अर्ज सबमिट झाल्यावर ती सोय राहत नाही.

मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार रात्री 11.59 ची असेल, तर आपल्याकडे 16 डिसेंबरची सकाळ, 10.29 होते. वडील ते तास हिशेबात धरायला सांगतील. धरू नका, तुमची मुदत 10 डिसेंबर समजा. आणि 6 तारखेनंतर सरांचा 'आज देतो' असा निरोप आलाच, तर पोर्टल चौथे पत्र घेत असल्यास लिंक लगेच पुन्हा पाठवा. घेत नसल्यास दुसऱ्या पत्राची व्यवस्था झाल्याचे आभारपूर्वक कळवा. ज्या शिक्षकांनी तुमच्यासाठी आयत्या वेळी लिहिले, त्यांचे नाव अर्जातून काढू नका.