जवळून रंग बरोबर, लांबून चेहरा फिका

प्रश्न: आईच्या फोटोतून प्रत्येक जागेचा रंग संगणकावर उचलून ३ मिलीमीटरच्या ठिपक्यांनी पोर्ट्रेट केले आहे. पांढरा कागद, ॲक्रिलिक रंग. जवळून प्रत्येक ठिपका फोटोशी जुळतो, पण लांबून चेहरा पिठूळ, राखाडी दिसतो. काळ्या पेनाने स्टिपलिंग करताना असे कधीच झाले नव्हते. चूक नेमकी कुठे झाली?

उत्तर: तुमचे ठिपके बरोबर आहेत, घोटाळा ठिपक्यांमधल्या कागदाने केला आहे. स्टिपलिंगमध्ये पांढरा कागद हाच आपला दुसरा रंग असतो. ठिपके दाट केले की छटा गडद, विरळ केले की फिकी, त्यामुळे मधला कागद तिथे आपल्या बाजूने काम करतो. रंगीत ठिपक्यांच्या चित्रात मात्र छटा दाटपणावर ठरत नाही, रंगांच्या प्रमाणावर ठरते, आणि तिथे उघडा राहिलेला कागद म्हणजे कोणी न मागता प्रत्येक ठिकाणी मिसळलेला पांढरा रंग होय.

हे प्रमाण किती असते ते पाहू. ठिपके चौकटीच्या ओळीत एकमेकांना टेकवून मांडले, तरी गोल आकारामुळे कागदाचा ७८.५ टक्केच भाग झाकला जातो आणि २१.५ टक्के उघडा राहतो. डोळा लांबून सरासरी काढतो ती परावर्तित प्रकाशाची, आणि पांढऱ्या कागदाचा प्रकाश गव्हाळ ठिपक्यापेक्षा कितीतरी जास्त असतो. समजा गालाचा रंग फोटोत 150, 100, 70 असा मिळाला (संगणकाच्या लाल, हिरव्या, निळ्या आकड्यांत). तोच रंग तुम्ही हुबेहूब लावला आणि मधला कागद अगदी पांढरा धरला, तर लांबून मिळणारी सरासरी साधारण 180, 152, 140 येते. म्हणजे तपकिरी गालाचा पिठूळ, गुलाबीसर राखाडी झाला. तुम्ही सांगितलेली तक्रार तंतोतंत हीच आहे. हे आकडे सरळ जोडून भागू नयेत, कारण पडद्यावरचे आकडे प्रकाशाच्या सम प्रमाणात नसतात. काळा 0 आणि पांढरा 255 धरला, तर अर्धे काळे व अर्धे पांढरे ठिपके लांबून 128 नव्हे तर सुमारे 188 इतके उजळ दिसतात. स्टिपलिंगची सवय असलेला माणूस हे हाताने नकळत साधतो. फोटोवरून आकडे उचलणारा इथे हमखास फसतो.

उपाय सोपा आहे, पण तो चित्राच्या आधी करावा लागतो. आम्ही सांगलीत एका शेजारच्या आजीचे पोर्ट्रेट केले तेव्हा कागदावर प्रथम चेहऱ्याच्या मधल्या छटेचा पातळ तपकिरी थर दिला, तो पूर्ण वाळू दिला आणि मगच ठिपके टाकले. मधल्या फटी तेव्हा पांढऱ्या राहत नाहीत. तुमचे चित्र तयारच आहे, म्हणून तुम्हाला फटी भराव्या लागतील. ३ मिलीमीटरच्या चार ठिपक्यांमधल्या फटीत जास्तीत जास्त १.२ मिलीमीटरचा ठिपका मावतो. १ मिलीमीटरचा टाकला तर उघडा कागद २१.५ वरून साधारण १३ टक्क्यांवर येतो. सावलीच्या बाजूला या फटीत गडद निळा किंवा गडद हिरवा घालावा, उजेडाच्या बाजूला पिवळसर तपकिरी घालावा, आणि कपाळावरच्या चमकीत फट तशीच सोडावी. संपूर्ण चित्रावरून पातळ तपकिरी हात फिरवण्याचा मोह टाळावा. त्याने सगळे ठिपके एकाच रंगाच्या काचेआड जातात आणि पॉइंटिलिझमचा, म्हणजे शुद्ध रंगांच्या ठिपक्यांनी रंगवण्याच्या शैलीचा, अर्थच उरत नाही.

आता दुसरी, जरा खोलातली गोष्ट. फोटोतून एकेक रंग उचलून तो पॅलेटवर तयार करून लावणे हे खरे तर मोझेक झाले. फ्रेंच चित्रकार जॉर्ज सरा यांची पद्धत वेगळी होती. १८८४ ते १८८६ या काळात रंगवलेल्या 'ला ग्रांद जात'च्या मोठ्या चित्रात त्यांनी रंग पॅलेटवर कालवून तपकिरी करण्यापेक्षा शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी ठेवून डोळ्यालाच मिसळू देण्याचा आग्रह धरला. फोटोतून मिळणारा आकडा हे लक्ष्य मानावे, ठिपक्याचा रंग मानू नये. आजीच्या गालाचे लक्ष्य वरचेच 150, 100, 70 होते. माझ्याकडच्या नळीच्या रंगांचे वाळलेले पट्टे मी स्कॅन करून त्यांचे आकडे वहीत मांडले आहेत, आणि त्यांवरून दहा ठिपक्यांचा हिशेब असा जमला: तीन नारिंगी, एक पिवळा, तीन अल्ट्रामरीन निळे, तीन गडद हिरवे. सरासरी साधारण 161, 103, 74 येते, म्हणजे लक्ष्याच्या जवळ, किंचित उजळ. त्या दहांत तपकिरी एकही नाही, तरी लांबून गाल गव्हाळच दिसतो आणि त्यात जी थरथर असते ती कालवलेल्या तपकिरीत कधीच येत नाही.

पॅलेटवरची सवय इथे आणखी एका ठिकाणी घात करते. पिवळा आणि निळा कालवले की हिरवा मिळतो, पण हळदीसारख्या पिवळ्याचे आणि निळ्याचे ठिपके शेजारी ठेवले की लांबून राखाडीच दिसते, कारण तिथे रंग एकमेकांतून प्रकाश शोषत नाहीत, फक्त सरासरी होते. हिरवी साडी हवी असेल तर हिरवी नळीच उघडावी.

रंग उचलतानाही एक पिक्सेल उचलू नये, त्यात कॅमेऱ्याचा कचरा असतो. GIMP मध्ये Color Picker निवडून "Sample average" चालू करावे आणि त्रिज्या अशी ठेवावी की तेवढ्या भागात तुमचा एक ठिपका बसेल. आजीचा फोटो कृष्णेच्या घाटावर, सावलीत काढलेला होता. हनुवटीखाली मला तपकिरी अपेक्षित होते, मिळाले ते जांभळट, आणि पांढऱ्या पदराच्या घडीत चक्क निळसर. पहिल्यांदा मी हे फोटोचा दोष समजून दुरुस्त केले आणि हनुवटी सपाट झाली. सावलीत मोकळ्या आकाशाचा निळा प्रकाश पडलेला असतो. तो तसाच ठेवला तेव्हा गळा मागे गेला आणि चेहरा पुढे आला.

ठिपक्याचा आकार बघण्याच्या अंतरावर ठरवावा. साध्या नजरेला एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा कमी कोनात असलेले दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत, त्या हिशेबाने ३ मिलीमीटरचे ठिपके पूर्ण मिसळायला साधारण १० मीटर मागे जावे लागते. आपल्याकडच्या बैठकीच्या खोलीत एवढी जागा कुठली? साधारण पाच मीटरवरून बघायचे असेल तर १.५ मिलीमीटर ठेवावे, पण मग चौपट ठिपके लागतात. ३० बाय ४० सेंटीमीटरच्या कागदावर ३ मिलीमीटरने सुमारे १३,३०० होतात, १.५ ने ५३,००० च्या पुढे. म्हणून मी चेहऱ्यात बारीक आणि साडीत, पार्श्वभूमीत मोठे ठेवतो.

तपासणीसाठी जवळून काढलेला फोटो मोबाइलवर लहान करून बघू नका. बरीच ॲप चित्र लहान करताना आकड्यांचीच सरासरी काढतात, आणि ती प्रत्यक्षापेक्षा गडद येते. चित्र खोलीबाहेर, व्हरांड्यात टेकवावे, १० मीटरवर जाऊन फोटो घ्यावा, म्हणजे भिंगच प्रकाश मिसळते. मग तो मूळ फोटोशेजारी ठेवून कपाळ, गाल आणि हनुवटीखालचा भाग ताडून बघावा. फटी भरून झाल्यावर तुमच्या चित्रातही गाल अजून फिका वाटला, तर निळे ठिपके वाढवण्याआधी नारिंगीच्या जोडीला एखादा शुद्ध लाल ठिपका टाकून पाहा. डोळ्यातील चमकेचा ठिपका मात्र शेवटपर्यंत राखून ठेवा. तो एकच पांढरा असावा, आणि बाकी फटी भरल्यावरच त्याची नेमकी जागा कळते.