मुलाखतीत चेहरा आणि आवाज कसा लपवायचा?

प्रश्न: जळगावजवळच्या जिनिंगमधल्या एका कामगार ताईंची मुलाखत घेतोय. ओळख लपवायची आहे, पण व्हिडिओ रटाळ नको.

चेहरा शूट करतानाच काळोखात ठेवा आणि ताईंचं बोलणं दुसऱ्या बाईच्या आवाजात घ्या. ताईंना उजेडाच्या खिडकीकडे पाठ करून बसवा, एक्सपोजर खिडकीवर लॉक करा. मग एडिटिंगमध्ये ब्राइटनेस पूर्ण वाढवून बघा. नाक-डोळे दिसू लागले तर पुन्हा शूट करा. नुसता पिच बदललेला आवाज, पिच परत उलट दिशेनं बदलून बराचसा मूळपदावर आणता येतो, शिवाय तो कार्टूनसारखा वाटतो. ताई अहिराणी बोलत असतील, तर डबिंग करणारी बाईही अहिराणी बोलणारी हवी. तिला मूळ रेकॉर्डिंग ऐकवा आणि ताई जिथे थांबल्या, तिथेच थांबायला सांगा. बघणारा त्या थांबण्यानंच खिळून राहतो. मधेमधे हातांचे क्लोजअप टाका: सरकीला चिकटलेले तंतू सोडवणारी बोटं पुरेशी बोलतात. मात्र गोंदण, अंगठी, बांगड्या फ्रेममध्ये नकोत.

एवढं करूनही गावातले लोक किश्शावरून ओळखतात. ‘माझा नवरा याच जिनिंगमध्ये हमाल होता’ असं वाक्य राहिलं, तर काळोखाचा काही उपयोग नाही, ते कापाच.