मुंबईची लोकसंख्या : शहर, नागरी समूह आणि महानगर प्रदेश

प्रश्न : एका लेखात २०११ सालची मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख दिली आहे आणि दुसऱ्यात १ कोटी ८४ लाख. दोघांनीही जनगणनेचाच हवाला दिला आहे. यांतला चुकीचा आकडा कोणता? आणि ‘अर्बन ॲग्लोमरेशन’ व ‘मेट्रोपॉलिटन एरिया’ या दोहोंना मराठीत ‘महानगर’ म्हटले तर चालेल का?

उत्तर : दोन्ही आकडे जनगणनेचेच आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत, फक्त त्यांतली ‘मुंबई’ एक नाही.

पहिला आकडा, नेमका सांगायचा तर १,२४,४२,३७३, हा बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतला आहे. ही हद्द दहिसर, मुलुंड आणि मानखुर्दपाशी संपते. ‘बृहन्’ या उपपदामुळे अनेकांना वाटते की यात ठाणे आणि नवी मुंबईही आली असतील; तसे नाही. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन जिल्हे मिळून ही बृहन्मुंबई होते. यातच आणखी एक खड्डा आहे. जनगणनेच्या जिल्हावार तक्त्यात ‘मुंबई शहर’ या नावापुढे केवळ ३०,८५,४११ दिसतात, कारण तो फक्त दक्षिणेकडचा जिल्हा आहे. ‘मुंबई शहराची लोकसंख्या’ शोधणाऱ्याने हा आकडा उचलला, तर उपनगरातले ९३ लाखांहून अधिक लोक एका फटक्यात गायब होतात.

दुसरा आकडा, १,८३,९४,९१२, हा नागरी समूहाचा आहे. एकमेकांना लागून असलेली शहरे आणि त्यांची हद्दीबाहेर पसरलेली वस्ती यांचा सलग नागरी विस्तार जनगणना एक एकक म्हणून मोजते, त्याला अर्बन ॲग्लोमरेशन म्हणतात. येथे पालिकेची सीमा गौण ठरते आणि वस्तीची सलगता महत्त्वाची ठरते. २०११ मध्ये या समूहात बृहन्मुंबईखेरीज ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे होती, आणि या आठांच्या लोकसंख्येची बेरीज बरोबर वरच्या आकड्याइतकीच येते. गंमत अशी की रोज लोकलने मुंबईत येणाऱ्यांचे वसई-विरार त्यात नाही, आणि ठाण्याला खेटून असलेली भिवंडीही नाही. त्यामुळे ‘मुंबई आणि परिसर’ असे सैल शब्द वापरून हा आकडा दिला, तर वसईचा वाचक आपण त्यात मोजले गेलो असेच समजेल.

वसई-विरार आणि भिवंडी सापडतात ती मुंबई महानगर प्रदेशात. हे एकक वस्ती पाहून नव्हे, तर नियोजनासाठी शासनाने आखलेले आहे; त्यासाठीचे प्राधिकरण १९७५ साली स्थापन झाले. यात शहरांबरोबर पनवेल, पेण, अलिबागकडचा भाग आणि कितीतरी गावेही येतात. म्हणून या प्रदेशाची लोकसंख्या, जी २०११ मध्ये सव्वादोन कोटींच्या पुढे होती, निव्वळ शहरी लोकसंख्या नव्हे. शिवाय त्याची हद्द पुढे वाढवण्यात आली आहे, तेव्हा हा आकडा देताना कोणत्या वर्षीची हद्द धरली, हेही सांगायला हवे.

आता शब्दांकडे. ‘महानगर’ या शब्दावर आधीच भार फार आहे: ‘महानगरपालिका’ या नावात तो पहिल्या एककाला चिकटलेला आहे, ‘महानगर प्रदेश’ यात तिसऱ्याला, आणि दहा लाखांवरच्या कोणत्याही शहराला आपण सहज महानगर म्हणतोच. मधल्या एककालाही तेच नाव दिले, तर वाचकाला काहीच कळणार नाही. त्यासाठी ‘नागरी समूह’ हा शब्द मला योग्य वाटतो. काही जण ‘नागरी संकुल’ लिहितात, पण गृहसंकुल आणि क्रीडासंकुल यांमुळे संकुल म्हटले की कुंपण घातलेले आवार डोळ्यांपुढे येते. कुंपण नसणे हीच तर या एककाची ओळख आहे. मेट्रोपॉलिटन एरियासाठी राज्यघटनेच्या संदर्भात ‘महानगर क्षेत्र’ आणि मुंबईपुरते रूढ असलेले ‘महानगर प्रदेश’ हे शब्द ठेवावेत.

घोळ झाला आहे हे ओळखायची एक सोपी खूण म्हणजे घनता. बृहन्मुंबईचे क्षेत्रफळ जनगणनेत ६०३ चौरस किलोमीटर धरले आहे, त्यामुळे दर चौरस किलोमीटरला सुमारे २०,६०० माणसे येतात. एखाद्या लेखात ही संख्या ३०,५०० च्या आसपास दिसली, तर लेखकाने समूहाची माणसे पालिकेच्या जमिनीवर उभी केली आहेत असे खुशाल समजावे.

आपल्या लेखात वाक्य असे लिहिता येईल: ‘२०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत १ कोटी २४ लाख, तर ठाणे, कल्याण, नवी मुंबई आदी लगतची शहरे धरून मुंबई नागरी समूहात १ कोटी ८४ लाख लोक राहत होते.’ दोनांपैकी एकच आकडा द्यायचा असेल, तर पाणीपुरवठा किंवा पालिकेचे अंदाजपत्रक हा विषय असताना पहिला द्यावा, आणि जगातल्या मोठ्या नगरांशी तुलना करायची असेल तर दुसरा. मात्र समोरच्या नगराचा आकडाही त्याच प्रकारचा आहे ना, हे आधी पाहून घ्यावे.