किलोभर तेल आणि लिटरची पिशवी

प्रश्न: नोकरीसाठी नवीन शहरात आलोय, पहिल्यांदाच एकट्यानं किराणा भरायचाय. काय लक्षात ठेवू? आणि दुकानदार नवख्या माणसाला वजनात फसवतात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तो मला टोचला. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमचं किराणा दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, मी चालवलं, आता पोरगा बसतो आणि मी दुपारनंतर गल्ला सांभाळतो. नवख्या माणसाला फसवून दुकानदाराला काय मिळणार? महिन्याचं गिऱ्हाईक जाणार. जो पन्नास ग्रॅम डाळीसाठी महिन्याचं गिऱ्हाईक घालवतो, तो दुकान चालवण्याच्या लायकीचा नाही.

एका पोराची गोष्ट सांगतो, त्यात तुमचं बरंचसं उत्तर येईल.

यवतमाळकडचा मुलगा. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत कास्टिंग तपासायच्या कामावर लागलेला. आमच्या मागच्या गल्लीत खोली घेतलेली, गॅसची शेगडी कुठनं तरी जुनी आणलेली. जुलै महिना, पाऊस कोसळत होता. हा रेनकोट घालून दुकानात आला आणि मोबाइलवर आईनं पाठवलेली यादी वाचायला लागला. तांदूळ, तूरडाळ, साखर यांच्यापुढं आईनं आकडे लिहिले होते. पुढचं सगळं नुसतंच: मोहरी, जिरे, हळद, रवा, लाल तिखट, तेल. आईला वाटलं असणार, एवढं तर कळेल. ह्यानं मान वर करून सांगितलं, "काका, बाकी सगळं अर्धा अर्धा किलो द्या."

मी विचारलं, माणसं किती? म्हणाला, एकटाच. मग म्हटलं, बाळा, अर्धा किलो मोहरी तुला पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरेल. एकट्याच्या भाजीला रोज एक फोडणी धरली, तर लहान अर्धा चमचा मोहरी लागते, म्हणजे दीड-दोन ग्रॅम. महिन्याला पन्नास ग्रॅम. जिऱ्याचंही तसंच. हळद शंभर ग्रॅम न्यावी, जास्त नेली तर तिचा वास आणि रंग डब्यातच उतरतो. आणि रवा? आमच्याकडं पावसाळ्यात हवा इतकी ओली असते की महिनाभर ठेवलेल्या रव्याला जाळी धरते. पाव किलो न्यायचा, त्याच दिवशी कढईत कोरडा भाजायचा आणि गार झाल्यावरच डबा बंद करायचा. गरम असताना झाकण लावलं तर आत वाफ धरते आणि भाजल्याचा उपयोग राहत नाही. हे मी त्याला सांगितलं. आता तुम्हीच सांगा, फसवणारा दुकानदार अर्धा किलोच्या जागी पन्नास ग्रॅम घे म्हणेल का?

दोन गोष्टींत मात्र त्यानं ऐकलं नाही. तांदूळ नाकानं निवडला. पोत्यात हात घातला, वास आला, "हाच द्या" म्हणाला. तो आजरा घनसाळ होता. बारीक, आखूड, वासाचा, उत्तम तांदूळ. पण नवा होता, आणि नव्या तांदळाला पाणी कमी लागतं. जुना कोलम शिजवणाऱ्या माणसानं त्याच हातानं पाणी घातलं की नवा तांदूळ गिच्च होतो. मी सांगत होतो की पहिल्यांदा दीडपट पाणी घाल, मग अंदाज घे. त्याचं लक्ष मोबाइलवर.

दुसरी गोष्ट तिखटाची. आमच्या इथं घरोघरी कांदा-लसूण चटणी वापरतात. काउंटरवर उघड्या डब्यात ती लालभडक दिसली, आणि यादीत लाल तिखट होतं, तेव्हा त्यानं पाव किलो तीच घेतली. चटणी टिकावी म्हणून कुटतानाच तिच्यात मीठ घालतात. हा घरी गेला, वरणात दोन चमचे चटणी घातली आणि वर नेहमीसारखं मीठही टाकलं. खारट वरण आणि गिच्च भात, असं त्याचं कोल्हापुरातलं पहिलं जेवण झालं.

पण तो माझ्याशी भांडायला आला तो यामुळं नाही. तो आला तेलावरून.

संध्याकाळी दुकानात गर्दी असताना हा तेलाची न फोडलेली पिशवी घेऊन उभा. "काका, मी किलो तेल मागितलं होतं. ही पिशवी मी कंपनीतल्या काट्यावर ठेवली. पिशवीसकट नऊशे वीस ग्रॅमही भरत नाही." चार गिऱ्हाइकांसमोर! त्यात एक बाई लगेच, "मला पण वाटतंच होतं."

मी माझ्या पोराला गल्ल्यावर बसवलं आणि माळ्यावरनं जुनं लिटरचं माप काढलं. ते काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला आणि काठोकाठ पाणी भरलं. काटा हजाराला टेकला. पाणी ओतून माप कोरडं केलं, परत शून्यावर आणलं, आणि त्याचीच पिशवी फोडून त्यात ओतली. माप भरलं काठापर्यंत, आणि काट्यावर नऊशे दहाच्या आसपास. मग त्याला रिकाम्या पिशवीवरचं बारीक अक्षर वाचायला लावलं: १ लिटर, ९१० ग्रॅम. तेल पाण्याहून हलकं, म्हणून लिटरभर तेल किलोभर भरत नाही. कुठल्याच दुकानात भरणार नाही. सगळं गाव तोंडानं किलो म्हणतं आणि लिटरची पिशवी नेतं. पोरगा हुशार होता. क्षणभर बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे बीड आणि ॲल्युमिनियमसारखं. साचा तोच, वजन वेगळं." मी म्हटलं, तुझ्या कंपनीत कळतं ते माझ्या दुकानात का कळेना?

आता ह्याचा तुम्हाला उपयोग काय, ते सांगतो. घाण्यावरचं शेंगतेल किलोच्या भावानं मिळतं आणि पिशवीतलं लिटरच्या. दोन्ही भाव शेजारी ठेवून घाणेवाला लुटतो म्हणणारे मी भरपूर पाहिलेत. घाण्याचं एक किलो म्हणजे अकराशे मिलीलिटरच्या जवळपास. आधी ते धरा, मग बोला. आणि पिशवीवर लिटरपेक्षा ग्रॅमचा आकडा बघा. उन्हाळ्यात तेल फुगतं, माप वाढतं, वजन मात्र तेवढंच राहतं.

हे सगळं मी माझ्या साडूंना वीसेक वर्षं सांगतोय. ते इचलकरंजीला असतात. प्रत्येक लग्नाकार्यात पंगतीला बसलं की ह्यांचं चालू, "किराणावाले तेलात मारतात, आम्ही मॉलमधनं आणतो." गेल्या दिवाळीत मॉलमधली पिशवी घरी घेऊनच आले, दाखवायला. लांबी-रुंदी लिटरच्या पिशवीएवढीच, किंमत आठ रुपयांनी कमी. मी चष्मा लावून मागची बाजू वाचली. ग्रॅम कमी होते! आता पिशव्या वेगवेगळ्या वजनाच्या येतात आणि समोरून सगळ्या सारख्याच दिसतात. समजा एकीवर १५० रुपये आणि ९१० ग्रॅम आहे, दुसरीवर १४२ रुपये आणि ८४० ग्रॅम. पहिलीत शंभर ग्रॅमला साडेसोळा रुपयांच्या आत पडतात, दुसरीत सोळा रुपये नव्वद पैसे. स्वस्त दिसणारी महाग निघाली. हा हिशेबही हल्ली करायला लागत नाही, ग्रॅममागं किती पैसे ते पुड्यावर छापलेलं असतं. साडूंनी ते वाचलं आणि म्हणाले, "अक्षर फार बारीक आहे." एवढंच! माघार नाही.

तर तुम्ही जिथं जाल तिथं किंमत न बघता आधी वजन वाचा, आणि यादी करताना प्रत्येक जिनसापुढं आकडा लिहून घ्या. घरी फोन करून विचारा. आईला 'किती?' विचारलं तर ती 'अंदाजानं' म्हणेल, म्हणून 'महिन्याला डबा कितीदा भरतेस आणि डबा केवढा आहे' असं विचारा. तांदूळ घेताना नवा की जुना ते विचारा. पोहे घेताना कशाला हवेत ते सांगा, नाहीतर पातळ पोहे भिजवून लगदा कराल.

आता राहिलेलं. सगळे दुकानदार धुतल्या तांदळासारखे आहेत असं मी म्हणत नाही. डाळ सुटी घेताना डबा किंवा ताटली आधी काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणला का ते बघा. नाहीतर तुम्ही डाळीच्या भावानं डब्याचं वजन विकत घेताय. काट्याची दरवर्षी वजनमापं खात्याकडून तपासणी होते, तिचं प्रमाणपत्र दुकानात लावलेलं असतं, ते बघायला कुणी लाजू नये. आणि गर्दीच्या वेळी पहिल्यांदा जाऊच नका. संध्याकाळी सातला आमच्याकडं कुणाला नीट सांगायला वेळ नसतो. सकाळी अकराच्या सुमाराला जा.

मॉलचंही एक मान्य करतो, साडूंनी हे वाचलं तरी चालेल. साबण, दात घासायची पेस्ट, कपड्यांची पावडर तिथं खरोखर स्वस्त पडते. त्यांना कंपनीकडनं ज्या भावानं माल मिळतो त्या भावानं आम्हाला मिळत नाही. ते तिथनं घ्या. डाळ, तांदूळ, गूळ मात्र जिथं पोत्यात हात घालू देतात तिथनंच घ्या. त्या पोरानं तांदूळ चुकीचा शिजवला असेल, पण निवडला बरोबर होता. अजून तोच नेतो, पाच-पाच किलो.