फायर एक्स्टिंग्विशरचा ट्रेनिंग व्हिडिओ, जुन्या क्लिप्समधून

आधी सगळ्या क्लिप्स बघून एक्स्टिंग्विशर कुठला आहे ते तपास. पिन काढताना लाल एबीसी पावडरवाला आणि फवारताना काळ्या हॉर्नचा सीओटू असं जोडलंस तर बघणारा गोंधळणारच, शिवाय सीओटूचा हॉर्न इतका गार पडतो की उघड्या हाताने धरला तर कातडीला इजा होते, त्यामुळे त्याचा व्हिडिओ वेगळाच कर.

कॅप्शन एका वेळी एकच कृती सांगणारं हवं. "पिन ओढा", "नोझल आगीच्या बुडाशी धरा", "हँडल दाबा", "डावी-उजवीकडे फिरवा", बस. आणि ते कृतीच्या जरा आधी यायला हवं, कारण डेमो देणारा पिन सेकंदात उपटतो आणि वाचेपर्यंत ते निघून जातं, म्हणून तिथे दोनतीन सेकंद फ्रेम फ्रीज कर. नोझल ज्वाळांकडे रोखलेली क्लिप असेल तर ती सरळ काढून टाक, खाली बरोबर कॅप्शन लिहून भागत नाही, लोकांच्या लक्षात चित्रच राहतं रे.

शेवटच्या रिकॅपमध्ये तेच चार शॉट, तेच शब्द. नवीन सूचना तिथे घुसवू नकोस, "पाठ दाराकडे ठेवा" हे सांगायचंय ना, मग ते पिनच्याही आधी सुरुवातीलाच दाखव.